वर्क ऑर्डरवर सही करण्यापूर्वी विशेष अटी कशा वाचाव्यात: वॉटरप्रूफिंगच्या एका ऑर्डरवरून

छोटे ठेकेदार ऑर्डर हातात आली की आधी दर पाहतात, मग एकूण रक्कम, मग ॲडव्हान्स. शेवटची आठ-दहा पानं, ज्यांवर ‘विशेष अटी’ असं लिहिलेलं असतं, ती सहीच्या वेळी उलटली जातात. कुणी वाचलीच तर एकेक अट सुटी वाचतो आणि ‘सगळीकडे असंच असतं’ म्हणून पुढे जातो. चूक नेमकी तिथे होते. सुटी वाचली तर जवळजवळ प्रत्येक अट चालण्यासारखी वाटते. दोन-तीन अटी एकत्र लागू झाल्या की नफा जातो, कधीकधी भांडवलही.

पुढची पद्धत एका नमुना ऑर्डरवर लावून दाखवली आहे. 80 फ्लॅटची इमारत, मुख्य ठेकेदाराकडून वॉटरप्रूफिंगच्या सब-कॉन्ट्रॅक्टरला साहित्यासह काम. 160 टॉयलेट प्रत्येकी 18,000 रुपये, म्हणजे 28.8 लाख. 6,000 चौरस फूट गच्ची 120 रुपये दराने, 7.2 लाख. बाल्कन्या आणि डक्ट मिळून 4 लाख. एकूण 40 लाख, जीएसटी वेगळा. मुदत आठ महिने. ठेकेदाराचा हिशेब असा की खर्च 36 लाख होईल आणि 4 लाख उरतील. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या कामाचे घाला, पद्धत तीच राहील.

## टप्पा 1: वाचायला बसण्याआधी कागद पूर्ण करा

ऑर्डरसोबत आलेला गठ्ठा क्वचितच पूर्ण असतो. विशेष अटींमध्ये बहुतेकदा एक ओळ असते: ‘मालक आणि मुख्य ठेकेदार यांच्यातील कराराच्या सर्व अटी सब-कॉन्ट्रॅक्टरला जशाच्या तशा लागू राहतील.’ तो करार तुम्ही पाहिलेला नसतो. तरी सही केली की तो तुमच्या गळ्यात पडतो.

म्हणून आधी लेखी मागणी करा: सामान्य अटी, विशेष अटी, बीओक्यू, ड्रॉइंगची यादी, स्पेसिफिकेशन आणि मुख्य करारातला तुम्हाला लागू होणारा भाग. मुख्य ठेकेदार दर दाखवणार नाही, आणि ते ठीकच आहे. दर झाकून बाकीची पानं देता येतात. तेही द्यायला तयार नसतील, तर ‘सोबत जोडलेल्या उताऱ्यापुरतीच मुख्य कराराची अट लागू’ असं लिहून घ्या.

त्यानंतर प्राधान्यक्रमाची अट शोधा. दोन कागदांत विसंगती आली तर कोणता खरा धरायचा, हे तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी विशेष अटी सामान्य अटींच्या वर असतात. सामान्य अटींत ‘बिल 30 दिवसांत’ आणि विशेष अटींत ‘मालकाकडून पैसे आल्यावर’ असेल, तर 30 दिवस विसरा. तुमचं कोटेशन कागदांच्या यादीत आहे का, हेही तिथेच कळतं. नसेल तर कोटेशनमध्ये लिहिलेलं ‘पाणी आणि वीज तुमच्याकडून’ हे ऑर्डरमध्ये आलेलं नाही असंच धरा.

थांबा. कागद अपुरे असताना ‘कामाला सुरुवात करा, कागद नंतर देतो’ असा फोन येतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 8 नुसार प्रस्तावातल्या अटीप्रमाणे कृती करणं हीसुद्धा स्वीकृती ठरू शकते. ऑर्डर ईमेलवर आली, तुम्ही सही केली नाही, पण चार माणसं आणि रसायनाचे दहा ड्रम साइटवर उतरवले, तर अटी मान्य केल्या असा अर्थ सहज काढला जातो. त्यानंतर पाठवलेल्या हरकतीच्या पत्राला फारसा जोर उरत नाही.

## टप्पा 2: प्रत्येक अटीत ‘घटना’ आणि ‘किल्ली’ शोधा

आता पेन घेऊन बसा. प्रत्येक विशेष अटीसाठी वहीत एक ओळ करा आणि दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. ही अट कोणत्या घटनेनं चालू होते? आणि ती घटना घडवणं किंवा रोखणं कोणाच्या हातात आहे? या दुसऱ्या उत्तराला आपण किल्ली म्हणू.

आपल्या ऑर्डरमधल्या सात अटींचं असं झालं:

पैसे: घटना म्हणजे मालकाकडून मुख्य ठेकेदाराला पैसे मिळणं. किल्ली मालकाकडे.

रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, 10 टक्के: घटना म्हणजे इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रानंतर 12 महिने पूर्ण होणं. किल्ली बिल्डर आणि महापालिकेकडे.

एलडी, म्हणजे उशिराची कपात, दर आठवड्याला ऑर्डरच्या 1 टक्का, कमाल मर्यादा नाही: घटना म्हणजे ऑर्डरच्या तारखेपासून आठ महिने उलटणं. किल्ली अर्धी तुमच्याकडे, अर्धी फ्रंट, म्हणजे कामासाठी तयार जागा, देणाऱ्या साइट टीमकडे.

मालकाने मुख्य ठेकेदारावर लावलेली एलडी तुमच्याकडून वसूल: किल्ली मालकाकडे, आणि वाटणी मुख्य ठेकेदाराच्या मर्जीवर.

गळतीची 10 वर्षांची हमी, ‘कारण कोणतेही असो’: घटना म्हणजे भिंतीवर ओल दिसणं. किल्ली प्लंबर, टाइल्सवाला, फ्लॅटधारक आणि तुम्ही, या सगळ्यांकडे.

काम थांबल्यास भरपाई नाही: किल्ली साइट टीमकडे.

दर काम पूर्ण होईपर्यंत कायम: घटना म्हणजे बाजारभाव वाढणं. किल्ली कुणाकडेच नाही.

शेवटची अट मुद्दाम घेतली आहे, कारण किल्ली आपल्याकडे नाही म्हणून प्रत्येक अट वाईट ठरत नाही. भाववाढ कुणाच्याच हातात नाही, पण तिचा अंदाज बांधता येतो. या कामात साहित्य 22 लाखांचं आहे. ते 5 टक्क्यांनी वाढलं तर 1.1 लाख जातात. एवढी रक्कम दरात धरून जोखीम घेता येते. फक्त ‘काम पूर्ण होईपर्यंत’ऐवजी ‘आठ महिने, त्यानंतरचा उशीर आमच्यामुळे नसेल तर दर पुन्हा ठरवू’ असं लिहून घ्या. कारण आठ महिन्यांची भाववाढ दरात धरता येते, वीस महिन्यांची धरता येत नाही.

असमतोल ओळखायची खूण अशी: किल्ली समोरच्याकडे, नुकसान तुमच्याकडे, आणि रकमेला मर्यादा नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की त्या ओळीवर लाल खूण करा. आपल्या यादीत अशा दोन आहेत: मालकाची एलडी वळवण्याची अट आणि ‘कारण कोणतेही असो’ची हमी.

तपासा. ‘इंजिनिअरच्या समाधानापर्यंत’, ‘कंपनीच्या मते’, ‘कंपनीचा निर्णय अंतिम’, ‘कोणत्याही कारणाने’, ‘विनामूल्य’ हे शब्द संपूर्ण मजकुरात शोधा. पीडीएफ असेल तर शोधायला दोन मिनिटं लागतात. हे शब्द आले की किल्ली बदलली असं समजा.

## टप्पा 3: टक्के सोडा, रुपये लिहा

टक्केवारी फसवते, कारण ती लहान दिसते. प्रत्येक टक्केवारीपुढे लिहा: ‘कशाचे?’

एलडी. आठवड्याला 1 टक्का, ऑर्डरच्या पूर्ण रकमेवर. समजा 150 टॉयलेट वेळेत झाली आणि 10 टॉयलेटना सहा आठवडे उशीर झाला. अटीप्रमाणे कपात 40 लाखांचे 6 टक्के, म्हणजे 2.4 लाख. तीच अट आठवड्याला अर्धा टक्का आणि फक्त उशीर झालेल्या कामाच्या रकमेवर असती, तर त्या 10 टॉयलेटचे 1.8 लाख, त्यावर 3 टक्के, म्हणजे 5,400 रुपये. टक्के फक्त निम्मे झाले, पण आधार बदलल्याने रक्कम चव्वेचाळीस पटींनी उतरली. वाटाघाटीत सगळे टक्क्यांवर भांडतात. आधारावर भांडा.

वळवलेली एलडी. मुख्य करार 60 कोटींचा असेल आणि त्यात आठवड्याला अर्धा टक्का कपात असेल, तर एका आठवड्याचे 30 लाख होतात. ‘सब-कॉन्ट्रॅक्टरमुळे मालकाने लावलेली कपात पूर्ण वसूल’ या एका ओळीमुळे 4 लाख कमावणारा माणूस एका आठवड्यात 30 लाखांना बांधला जातो. इतकी वसुली कोर्टात टिकेल का हा नंतरचा प्रश्न. तुमची थकलेली बिलं त्यांच्या ताब्यात आहेत, हा आजचा प्रश्न.

रिटेन्शन. 40 लाखांचे 10 टक्के म्हणजे 4 लाख. म्हणजे नेमका तुमचा सगळा नफा. तो कधी मिळेल? तुमचं काम संपल्यावर लिफ्ट, रंगकाम, अग्निशमनाची ना-हरकत, मग भोगवटा प्रमाणपत्र, मग त्यावर 12 महिने. इमारत रखडली तर तारीखच येत नाही.

बिलाचे पैसे. महिन्याला 5 लाखांचं बिल, महिनाअखेर सादर, आणि मालकाचे पैसे साधारण 90 दिवसांनी येतात असं धरा. पहिला चेक येईपर्यंत चार महिन्यांचं काम झालेलं असतं. खर्च महिन्याला 4.5 लाख, म्हणजे 18 लाख खिशातून. साहित्यवाल्याने 30 दिवसांची उधारी दिली तर थोडा दिलासा मिळतो, पण मजूर उधारीवर थांबत नाहीत. शिवाय बिल काढलं की त्या महिन्याचा जीएसटी देय होतो. 5 लाखांवर 18 टक्के म्हणजे 90,000 रुपये, त्यातून साहित्यावरचं इनपुट क्रेडिट वजा करून उरलेली रक्कम पैसे येण्याआधीच भरावी लागते. 18 लाख उभे करता येत नसतील, तर ही ऑर्डर कितीही चांगल्या दराची असली तरी तिसऱ्या महिन्यात काम थांबेल. आणि थांबलं की एलडी लागेल.

तपासा. सगळ्या ओळींपुढे रुपये लिहिले की एका बाजूला अपेक्षित नफा लिहा. नफ्याच्या दुपटीहून मोठी असलेली आणि किल्ली समोरच्याकडे असलेली प्रत्येक ओळ बदलल्याशिवाय सही करू नये. दुपटीची ही रेघ कायद्यातली नाही, धंद्यातली आहे. दोन कामांचा नफा एका अटीत गेला तर वर्ष जातं.

## टप्पा 4: अटी एकमेकींवर ठेवून पाहा

बहुतेक जण या टप्प्यापर्यंत येतच नाहीत. सुट्या अटी पाहून झाल्यावर एक साधा प्रसंग घ्या आणि तो ऑर्डरमधून चालवा. वॉटरप्रूफिंगसाठी दोन प्रसंग पुरतात.

### पहिला प्रसंग: फ्रंट उशिरा मिळाला

टॉयलेटचं वॉटरप्रूफिंग सुरू करायचं तर सन्कन स्लॅबमधलं प्लंबिंग पूर्ण हवं, पाइपभोवतीचं ग्राउटिंग हवं, आणि आतला मलबा साफ हवा. यातलं काहीच तुमच्या हातात नाही. समजा सातव्या ते दहाव्या मजल्याचं प्लंबिंग 20 दिवस रखडलं. सहा जणांची गँग आहे, सरासरी 900 रुपये रोज, म्हणजे 1.08 लाख रुपये बसून गेले.

आता ऑर्डर पाहा. ‘काम थांबल्यास भरपाई नाही’, म्हणून ते 1.08 लाख तुमचे. मुदत मोजली जाते ऑर्डरच्या तारखेपासून, फ्रंट मिळाल्यापासून नाही, म्हणून 20 दिवस तुमच्या खात्यातून गेले. मुदतवाढीची अट म्हणते की कारण घडल्यापासून 3 दिवसांत लेखी कळवलं नाही तर मुदतवाढ मिळणार नाही. सुपरवायझरने साइट इंजिनिअरला तोंडी सांगितलं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, पत्र गेलं नाही. म्हणजे मुदतवाढ नाही, आणि शेवटी साधारण तीन आठवड्यांची एलडी, 1.2 लाख. उशीर प्लंबरचा, खर्च तुमचा: 2.28 लाख. 4 लाखांच्या नफ्यातले.

चारही अटी एकेकट्या पाहिल्या तर नेहमीच्याच आहेत. एकत्र आल्यावर त्या दुसऱ्याचा उशीर तुमच्या बिलात आणून ठेवतात.

### दुसरा प्रसंग: ओल दिसली

पाँडिंग टेस्ट झाली. टॉयलेटमध्ये पाणी 48 तास भरून ठेवलं, खालून कोरडं, साइट इंजिनिअरने तपासलं. मग टाइल्सवाला आला, प्लंबरने डायव्हर्टरची जागा बदलण्यासाठी भिंत फोडली, आणि कोब्यात एक नवीन भोक पाडून पाइप काढला. वर्षभराने खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली.

हमीची अट म्हणते ‘कारण कोणतेही असो, विनामूल्य दुरुस्ती’. टाइल्स फोडणं, पुन्हा वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स, खालच्या फ्लॅटचा रंग असे एका टॉयलेटचे 30,000 धरा. 160 पैकी पाच टॉयलेटना असं झालं तर 1.5 लाख. त्यावर दुसरी अट: 48 तासांत दुरुस्ती सुरू न केल्यास दुसऱ्याकडून करून घेऊन डेबिट नोट, दराचं बंधन नाही. त्यावर तिसरी: रिटेन्शन भोगवटा प्रमाणपत्रानंतर 12 महिन्यांनी. या तिन्ही एकत्र आल्या की तुमचे 4 लाख इमारतीच्या दुरुस्तीचा निधी होतात. कुणाच्या चुकीने ओल आली हे तपासायचं कुणालाच कारण उरत नाही, कारण पैसे आधीच तिथे पडलेले असतात.

थांबा. टेस्टवर इंजिनिअरची सही नसेल तर ती झालीच नाही असं पुढे म्हटलं जातं. म्हणून फॉर्म कसा असेल, त्यावर कोण सही करेल आणि किती दिवसांत करेल हे विशेष अटींतच ठरवून घ्यावं लागतं. काम सुरू झाल्यावर ते जमत नाही.

## टप्पा 5: बदल मागताना काय लिहायचं

‘अट काढून टाका’ म्हणून पाठवलेलं पत्र सहसा परत येतं. मुख्य ठेकेदाराच्या कॉन्ट्रॅक्ट विभागातल्या माणसाला पूर्ण अट काढायला वरून परवानगी लागते. चार शब्द घालायला तेवढी अडचण नसते. म्हणून अट ठेवा आणि तिची किल्ली, आधार किंवा मर्यादा बदला. ऑर्डर इंग्रजीत असेल तर बदलही इंग्रजीतच लिहून द्या. अर्थ असा हवा:

1. पैसे: ‘मालकाकडून पैसे मिळाल्यावर, किंवा बिल सादर केल्यापासून 60 दिवसांनी, यातील जे आधी होईल ते. बिलावर 10 दिवसांत लेखी हरकत न आल्यास ते मान्य धरले जाईल.’ ‘यातील जे आधी होईल ते’ हे शब्द विसरू नका. ‘जे नंतर होईल ते’ असा मसुदा परत येतो आणि घाईत तो नजरेतून सुटतो.

2. मुदत: ‘प्रत्येक मजल्यासाठी मुदत त्या मजल्याचा फ्रंट लेखी ताब्यात दिल्याच्या तारखेपासून मोजली जाईल.’ या एका वाक्याने पहिल्या प्रसंगातली एलडी जवळजवळ मिटते. सोबत फ्रंट म्हणजे काय तेही लिहा: प्लंबिंग पूर्ण, पाइपभोवती ग्राउटिंग पूर्ण, मलबा साफ, पाणी उपलब्ध.

3. एलडी: ‘आठवड्याला अर्धा टक्का, उशीर झालेल्या कामाच्या रकमेवर, कमाल ऑर्डरच्या 5 टक्के. उशिराबद्दलची ही एकमेव भरपाई असेल.’ शेवटचं वाक्य मालकाची एलडी वळवण्याची वाट बंद करतं. ती अट काढायला तयार नसतील तर ‘या 5 टक्क्यांच्या आत’ एवढं तरी घाला.

4. हमी: ‘सदोष साहित्य किंवा कारागिरीमुळे झालेल्या गळतीपुरती. टेस्ट मंजूर झाल्यानंतर इतरांनी पाडलेली भोके, फोडलेल्या भिंती आणि फ्लॅटधारकाने केलेले बदल यांतून आलेली गळती वगळून. दुरुस्तीपूर्वी दोघांची संयुक्त पाहणी.’ दहा वर्षांच्या मुदतीवर फार भांडू नका. वॉटरप्रूफिंगमध्ये लांब हमी बाजारात रूढ आहे आणि सगळेच ती मागतात. भांडायचं कारणावर.

5. रिटेन्शन: ‘5 टक्के. निम्मे आमचे काम ताब्यात दिल्यावर, उरलेले त्यानंतर 12 महिन्यांनी.’ त्याऐवजी बँक गॅरंटी द्या असं सुचवलं तर आधी बँकेत विचारा. छोट्या ठेकेदाराकडे बँका त्याच रकमेची एफडी मागतात, मग पैसे अडकण्याची जागा फक्त बदलते.

6. डेबिट नोट: ‘7 दिवसांची लेखी सूचना, फोटो आणि मोजमाप यांशिवाय कपात नाही.’

प्रमाण कमी-जास्त होण्याच्या आणि मर्जीनुसार ऑर्डर रद्द करण्याच्या अटींवर एकेक ओळ पुरते. पहिलीत ‘25 टक्क्यांहून अधिक फरक पडल्यास दर पुन्हा ठरेल’. दुसरीत ‘झालेले काम आणि साइटवर आणलेले साहित्य यांचे पैसे मिळतील’.

वाद निवारणाच्या अटीत ‘कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक एकमेव लवाद नेमतील’ असं अजूनही छापलेलं दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात अशा हितसंबंधी व्यक्तीला एकमेव लवाद नेमण्याचा अधिकार नाही असं ठरवलं आहे. त्यामुळे या अटीवर वाटाघाटीची ताकद घालवू नका. फक्त लवादाचं ठिकाण तुमच्याच शहरात आहे का ते पाहा. 4 लाखांच्या वादासाठी दिल्लीला खेपा घालणं परवडत नाही.

## कायदा वाचवेल या भरवशावर सोडून दिलेल्या अटी

तीन समजुती वारंवार दिसतात. तिन्ही अर्ध्या खऱ्या आहेत.

‘एलडी कोर्टात टिकत नाही.’ करार कायद्याच्या कलम 74 नुसार ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि मिळते ती वाजवी भरपाई. कैलाश नाथ प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुकसान झालेलंच नसेल तर भरपाई नाही. पण जिथे नुकसान मोजणं अवघड असतं, तिथे ठरलेला वाजवी आकडा मान्य होऊ शकतो. आणि मुख्य म्हणजे कपात आज होते, निकाल काही वर्षांनी येतो.

‘3 दिवसांची नोटीस कायद्याने रद्द आहे.’ कलम 28 नुसार ठरावीक मुदत संपताच हक्कच संपवणारी अट निरर्थक ठरते. मात्र मुदतवाढ मागण्यासाठीची नोटीस ही हक्क मिळवण्याची पायरी आहे, हक्क बुडवणारी मुदत नाही, असा युक्तिवाद समोरून येतोच. म्हणून 3 चे 14 दिवस करून घ्या, आणि नोटीस ठरलेल्या ईमेलवर चालेल असं लिहून घ्या.

‘उद्यम नोंदणी आहे, 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतील.’ सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात 45 दिवसांची कमाल मर्यादा आहे, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. पण साहित्यासह बांधकाम म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट. अशा कामांना हा कायदा लागू होत नाही असा दृष्टिकोन मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत घेतला आहे. नोंदणी जरूर करा, ऑर्डर येण्याआधी करा, ऑर्डरवर तिचा क्रमांक टाका. पण पैशांची अट ऑर्डरमध्येच दुरुस्त करून घ्या.

## टप्पा 6: वाटाघाटीचा क्रम

एकदम चौदा मुद्द्यांचं पत्र पाठवलं की ‘हा माणूस भांडखोर आहे’ असा शेरा पडतो आणि ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. चार मुद्दे न्या. आपल्या ऑर्डरमध्ये ते हे: वळवलेली एलडी, फ्रंटपासून मुदत, हमीतलं कारण, पैशांना 60 दिवसांची वरची मर्यादा. बाकीचे मुद्दे एकेका ओळीत शेवटी.

आधी फ्रंटचा मुद्दा काढा. तो प्रोजेक्ट मॅनेजरला लगेच पटतो, कारण प्लंबरने उशीर केला तर वॉटरप्रूफिंग सुरू होत नाही हे त्याने रोज पाहिलेलं असतं. एक होकार मिळाला की पुढचं बोलणं सोपं जातं. वळवलेल्या एलडीचा मुद्दा कॉन्ट्रॅक्ट विभागाशी काढा. तिथे 60 कोटी आणि 40 लाख हे दोन आकडे एका कागदावर शेजारी लिहून दाखवा, फार बोलावं लागत नाही.

एखादी अट हलतच नसेल तर तिची किंमत मागा. ‘रिटेन्शन 10 टक्केच राहणार’ असेल तर 4 लाख दोन-अडीच वर्षं अडकण्याचं व्याज दरात येईल असं सांगा. वर्षाला 12 टक्के धरलं तर दोन वर्षांचे 96,000, म्हणजे ऑर्डरच्या जवळजवळ अडीच टक्के. पण ज्या अटीला मर्यादाच नाही, तिची किंमत मागून उपयोग नाही. ती एक तर बदलते, नाहीतर ऑर्डर सोडायची.

नेहमीची चूक. बैठकीत ‘ते आम्ही कधी लावत नाही हो, नुसतं छापलेलं आहे’ असं सांगितलं जातं आणि ठेकेदार मान डोलावतो. सांगणारा प्रोजेक्ट मॅनेजर सहा महिन्यांनी दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. कधीच लावत नसतील तर खोडायला हरकत नसावी, असं हसून म्हणा आणि पेन पुढे करा.

## टप्पा 7: सहीच्या दिवशी

मान्य झालेले बदल तीनपैकी एका रूपात हवेत: सुधारित ऑर्डर, दोघांच्या सहीचं परिशिष्ट, किंवा दोन्ही बाजूंनी ‘मान्य’ लिहिलेल्या ईमेलची साखळी, जिचा तारखेसह उल्लेख ऑर्डरमध्ये आहे. बैठकीचं टिपण एकट्याने पाठवलं आणि उत्तर आलं नाही, तर ते तुमचं म्हणणं आहे, करार नाही.

परिशिष्टात एक वाक्य घाला: ‘हे परिशिष्ट विशेष अटींपेक्षा वरचढ राहील.’ ते नसेल तर टप्पा 1 मधल्या प्राधान्यक्रमामुळे जुनी अटच जिंकते, आणि तुमची सगळी वाटाघाट फायलीत पडून राहते.

ऑर्डरवर ‘हरकतींसह मान्य’ असा शेरा मारून सही करण्याची पद्धत आहे. ती टाळा. कलम 7 नुसार स्वीकृती विनाशर्त हवी. शर्त घातली तर तो नवा प्रस्ताव होतो, आणि त्यावर समोरच्याने होकार दिला नाही तर करार नेमका कोणत्या अटींवर झाला यावरच वाद उभा राहतो. तेवढ्यात तुम्ही माणसं पाठवली तर टप्पा 1 मधली अडचण पुन्हा समोर येते.

सही करताना प्रत्येक पानावर आद्याक्षरं घ्या, दोन्ही बाजूंची. हाताने केलेल्या प्रत्येक खाडाखोडीशेजारीही घ्या. पानांचे क्रमांक मोजा. चर्चेतल्या मसुद्यात 34 पानं होती आणि सहीच्या प्रतीत 36 असतील, तर ती दोन पानं कुठली हे विचारा.

ऑर्डरची एक प्रत साइटच्या सुपरवायझरला द्या, पण पूर्ण नको. त्याला एक पान पुरतं: फ्रंट ताब्यात घेताना कोणत्या चार गोष्टी तपासून सही घ्यायची, काम थांबलं तर किती दिवसांत कोणत्या ईमेलवर कळवायचं, पाँडिंग टेस्टचा फॉर्म कुणाकडून भरून घ्यायचा, आणि टेस्टनंतर कुणी भोक पाडलं तर कोणत्या कोनातून फोटो काढायचा. पाइप, फोडलेली जागा आणि फ्लॅट क्रमांक एकाच फोटोत यायला हवा. हे पान त्याच्या हातात पडल्यावरच पहिला ड्रम गाडीत चढवा.